नवीन अप्रूव्हल लिमिट: कुठली क्लेम फाईल आपण सोडायची आणि कुठली वर पाठवायची

१ तारखेपासून आपल्या सोलापूर ब्रँचचं मोटर ओडी क्लेमचं अप्रूव्हल लिमिट बदललंय. सर्क्युलर सगळ्यांच्या मेलवर येऊन पडलंय, पण तीन पानांचं सर्क्युलर वाचून नवीन जॉईन झालेल्या पोरापोरींना एकच कळलंय की लिमिट वाढलं, आणि नेमकं कशावर मोजायचं, कधी मोजायचं, ओलांडलं तर फाईल कुणाकडे आणि कशी जाते, हे विचारायला सगळे माझ्या टेबलापाशी येतायत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे फक्त मोटर ओन डॅमेजसाठी आहे हं, थर्ड पार्टी, आग, मरीन यातलं काहीही यात नाही, त्यांचे टेबल वेगळे आणि पॉवर पण वेगळे.

आधी आकडे सांगतो. क्लेम एक्झिक्युटिव्हला आधी ५०,००० पर्यंत स्वतः अप्रूव्ह करता यायचं, आता ७५,०००. ब्रँचच्या क्लेम इन्चार्जला आधी दीड लाख होतं, आता २ लाख. २ लाखाच्या वर पुण्याचं रिजनल ऑफिस, तिथले क्लेम मॅनेजर ५ लाखापर्यंत बघतात, आणि त्याच्या वर मुंबईला हेड ऑफिसची कमिटी. एवढंच. आपल्याकडे रोज येणाऱ्या फाईली पाहिल्या तर बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांतच संपतात, बंपर गेला, दार चेपलं, आरसा तुटला असल्या. गोंधळ होतो तो कडेवरच्या फाईलींचा, म्हणजे ज्या सुरुवातीला एका पायरीत असतात आणि गाडी उघडल्यावर दुसऱ्या पायरीत जातात. या लेखात जास्त वेळ त्यांच्यावरच घालवणार आहे.

जुन्या फाईलींचं काय, हा प्रश्न लगेच येतो. तर ॲक्सिडेंट कधी झाला किंवा इंटिमेशन कधी आलं याला महत्त्व नाही, अप्रूव्हलची सही ज्या तारखेला पडणार त्या तारखेचं लिमिट लागतं. मागच्या महिन्यातला ६०,००० चा क्लेम असेल आणि नोट अजून टाकलेली नसेल तर आता तो एक्झिक्युटिव्हच्याच पॉवरमध्ये बसतो. पण जी नोट आधीच इन्चार्जकडे किंवा पुण्याला गेलीय ती परत मागवायची नाही, ती तिथूनच सुटेल. दोन ठिकाणी दोन सह्या झाल्या की ऑडिटवाले पहिला कागद तोच काढतात.

पहिली पायरी: मोजायचा आकडा कुठला

इथंच निम्मे लोक चुकतात. एका फाईलमध्ये चार आकडे असतात. वर्कशॉपचं एस्टिमेट, सर्व्हेअरचं असेसमेंट, एक्सेस आणि साल्व्हेज वजा करून येणारी नेट लायबिलिटी, आणि शेवटी प्रत्यक्ष बिल. लिमिट यातल्या कशावर? सर्क्युलरमध्ये लिहिलंय ते सोप्या भाषेत असं: सर्व्हेअरने घसारा कापून जी रक्कम मान्य केली ती, जीएसटी धरून, पण एक्सेस आणि साल्व्हेज वजा करायच्या आधीची. सर्व्हेअरची फी यात धरायची नाही, ती वेगळी पास होते.

म्हणजे वर्कशॉपने अडीच लाखाचं एस्टिमेट दिलं म्हणून घाबरून फाईल पुण्याला ढकलायची नाही, एस्टिमेट म्हणजे मागणी असते, मान्यता नाही. आणि उलटं, नेट पेमेंट २ लाखाच्या आत येतंय म्हणून इन्चार्जने सही करायची असंही नाही. मधला आकडा बघायचा, असेसमेंटचा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लिमिट एका नोटचं नसतं, अख्ख्या क्लेमचं असतं. एक क्लेम नंबर, त्याच्यावर आजपर्यंत मान्य झालेलं सगळं आणि आज मान्य करायचं ते, याची बेरीज. किराणा दुकानात उधारीची वही असते की, आजचा माल कितीचा हे दुकानदार बघतोच, पण थांबवतो तो एकूण बाकीवरून. तसंच हे. आज समोर असलेली सप्लिमेंटरी नोट लहान आहे म्हणून ती आपल्या पॉवरमध्ये येते असं होत नाही.

दुसरी पायरी: रक्कम लहान असली तरी वर जाणाऱ्या फाईली

रक्कम बघायच्या आधी एक नजर याच्यावर टाका, कारण इथं अडकलं तर २०,००० चा क्लेम पण आपल्या हातात राहत नाही.

सर्व्हेअरचं आधी. मोटरमध्ये ५०,००० च्या वरच्या नुकसानीला लायसन्सवाला सर्व्हेअरच लागतो, तो आयआरडीएआयचा नियम आहे. आपलं लिमिट ७५,००० झालं म्हणून ५०,००० ते ७५,००० च्या मधल्या क्लेमला आपल्याच इन-हाऊस माणसाने फोटो बघून असेसमेंट केलं असं चालणार नाही. पॉवर वाढलाय तो सही करायचा, सर्व्हे करायचा नियम जिथं होता तिथंच आहे. आधी दोन्ही आकडे ५०,००० च होते म्हणून कुणाच्या लक्षात यायची गरज नव्हती, आता मध्ये २५,००० चा पट्टा तयार झालाय आणि त्यातल्या प्रत्येक फाईलला सर्व्हे रिपोर्ट जोडलेला आहे का हे बघूनच पुढे जायचं.

मग नकार. क्लेम नाकारायचा असेल, पूर्ण असो किंवा काही टक्के कापून द्यायचा असो, तो अधिकार ब्रँचमध्ये कुणालाच नाही, रक्कम कितीही असू दे. आपण फक्त नोटमध्ये मत मांडायचं, निर्णय पुण्यातून येतो. हे का ठेवलंय ते एका उदाहरणाने सांगतो. मार्केट यार्डात कांद्याच्या सीझनला छोटे टेम्पो किती असतात ते तुम्ही बघताच. समजा असा एक टेम्पो गेटपाशी दुसऱ्या गाडीला मागून घासला, मान्य रक्कम २२,०००. ड्रायव्हरचं लायसन्स नुसतं एलएमव्हीचं, ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. नवीन मुलगा लगेच नोटमध्ये लिहिणार, व्हॅलिड लायसन्स नाही, क्लेम नामंजूर. रक्कम त्याच्या पॉवरमध्ये, मग झालं की! पण हे कारणच टिकत नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलंय की ज्या ट्रान्सपोर्ट गाडीचं ग्रॉस वजन ७,५०० किलोच्या आत आहे ती चालवायला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळा शिक्का लागत नाही. म्हणून आरसी बुकातलं ग्रॉस वजन बघायचं, ७,५०० च्या आत असेल तर लायसन्सवरून नकार देता येत नाही, क्लेम नेहमीसारखा चालतो. वर असेल तर मात्र मुद्दा खरा आहे, तेव्हा मत लिहून फाईल पुण्याला. ब्रँचमधून असलं नकाराचं पत्र बाहेर पडलं की पार्टी थेट ग्राहक आयोगात जाते आणि मग २२,००० च्या क्लेमपायी वकिलाची फी बसते.

आणि तिसरं, ओळख. सोलापूर एवढं मोठं नाही ओ, प्रत्येकाचा कुणीतरी मेहुणा निघतोच. पॉलिसीहोल्डर, वर्कशॉपवाला किंवा सर्व्हेअर यापैकी कुणीही नात्यातला असेल तर नोटच्या वरच एक ओळ लिहायची आणि फाईल इन्चार्जकडे द्यायची. इन्चार्जच्याच नात्यातला असेल तर पुण्याला. यात लाजण्यासारखं काही नाही, लपवलं तरच प्रॉब्लेम.

तिसरी पायरी: एक अख्खी फाईल करून बघू

आता खरी गंमत. फाईल मी रचलेली आहे पण असल्या फाईली दर महिन्याला येतात. पेट्रोल हॅचबॅक, १,१९७ सीसी, गाडीचं वय ३ वर्षं ४ महिने, आयडीव्ही ४,८०,०००, झिरो डेप नाही. पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे रात्री डिव्हायडरला पुढून धडकली. माणसाला काही झालं नाही. टो करून होटगी रोडच्या वर्कशॉपला आणली, एस्टिमेट आलं २,४६,०००.

सर्व्हेअरने जाऊन बघितलं, काही पार्ट बदलायच्या ऐवजी रिपेअर होतात म्हणाला, मागच्या दाराचा जुना डेंट या ॲक्सिडेंटचा नाही म्हणून काढला, आणि त्याने मान्य केलेलं असं आहे. सगळे आकडे जीएसटी धरून.

मेटलचे पार्ट ८४,०००. गाडी ३ वर्षांच्या वर आणि ४ च्या आत, म्हणजे मेटलला २५ टक्के घसारा, २१,००० गेले, राहिले ६३,०००. प्लास्टिक, म्हणजे बंपर, ग्रिल, हेडलाईट वगैरे ४६,०००, प्लास्टिकला वय काहीही असो ५० टक्के, राहिले २३,०००. पुढची काच ९,५००, काचेला घसारा नाही, पूर्ण ९,५००. लेबर २४,०००, त्यालाही घसारा नाही. पेंटिंग २०,०००, आणि इथं जपून, पेंटचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरायचा, म्हणजे ५,०००, त्याच्यावर ५० टक्के घसारा, २,५०० कापले, राहिले १७,५००.

बेरीज १,३७,०००. हाच आपला मोजायचा आकडा. त्यातून कंपल्सरी एक्सेस १,००० (१,५०० सीसी पर्यंतच्या प्रायव्हेट कारला एवढाच) आणि साल्व्हेज ५,५०० वजा केलं की नेट १,३०,५०० येतं, ते पेमेंटच्या वेळी लागेल, लिमिटला नाही. १,३७,००० म्हणजे एक्झिक्युटिव्हच्या ७५,००० च्या वर आणि इन्चार्जच्या २ लाखाच्या आत. नोट इन्चार्जकडे, सही झाली, वर्कशॉपला काम सुरू करायचं पत्र गेलं. इथपर्यंत कुणी चुकत नाही.

मग वर्कशॉपने गाडीचं तोंड उघडलं. बंपरच्या मागे रेडिएटर दाबला गेलेला, एसीचा कंडेन्सर फुटलेला, आणि खालचा लांब मेंबर वाकलेला. बाहेरून हे दिसत नाही, त्यात सर्व्हेअरची चूक नाही, पुढून धडकलेल्या गाडीला हे ठरलेलंच असतं. वर्कशॉपने सप्लिमेंटरी एस्टिमेट दिलं १,१०,०००. सर्व्हेअर परत गेला आणि त्याने मान्य केलं: मेटल ६४,०००, २५ टक्के जाऊन ४८,०००. प्लास्टिक १८,०००, निम्मे जाऊन ९,०००. लेबर १४,०००. सप्लिमेंटरीची बेरीज ७१,०००, आणि साल्व्हेज अजून ३,५००.

आता थांबा आणि बघा. ७१,००० हे एक्झिक्युटिव्हच्या नवीन लिमिटमध्ये, म्हणजे ७५,००० च्या आत आहे. सिस्टीम पण सप्लिमेंटरीची नोट वेगळी उघडते आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ७१,००० एवढंच दिसतं, आधीचं १,३७,००० बघायला क्लेमच्या हिस्टरीत जावं लागतं. वर्कशॉपवाला फोनवर फोन करतोय, पार्टी विचारतेय गाडी कधी मिळणार, आणि हात आपोआप अप्रूव्हवर जातो. नाही जायला पाहिजे.

क्लेमची बेरीज करा. १,३७,००० अधिक ७१,०००, झाले २,०८,०००. हे एक्झिक्युटिव्हचं तर नाहीच, इन्चार्जचंही नाही. फाईल पुण्याची झाली.

इथं दुसरा मोह येतो आणि तो जरा हुशार लोकांना येतो. २,०८,००० मधून एक्सेस १,००० आणि दोन्ही साल्व्हेज मिळून ९,००० वजा केले की नेट १,९८,००० येतं. बघा, २ लाखाच्या आत! इन्चार्जने सही केली तर दोन-तीन दिवस वाचतील. पण लिमिट वजाबाकीच्या आधीच्या आकड्यावर आहे, वर सांगितलंच. आणि त्यामागे कारण आहे, साल्व्हेज हा अंदाज असतो, भंगारवाल्याने कमी दिलं किंवा पार्टीने पार्ट ठेवून घेतले की तो बदलतो, आणि बदलणाऱ्या आकड्यावर सहीचा अधिकार ठेवला तर साल्व्हेज थोडं फुगवून कुठलीही फाईल ब्रँचमध्येच ठेवता येईल. म्हणून तो दरवाजा बंद केलाय.

याच फाईलमध्ये अजून एक गोष्ट आहे जी नोटमध्ये नसली तर पुणं फाईल परत पाठवतं. दोन्ही एस्टिमेटची बेरीज होते ३,५६,०००. आयडीव्ही ४,८०,०००, त्याचे ७५ टक्के ३,६०,०००. गाडी आणायचा आणि रिपेअरचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस धरतात, आणि एस्टिमेट बघणाऱ्याला वाटणार की टोइंग धरलं तर ही गाडी त्या रेषेवरच उभी आहे. प्रत्यक्षात सर्व्हेअरने घसारा कापायच्या आधी मान्य केलेला रिपेअर खर्च पहिल्यांदा १,८३,५०० आणि नंतर ९६,०००, मिळून २,७९,५००, म्हणजे आयडीव्हीच्या ५८ टक्क्यांच्या आसपास. टोटल लॉस नाही. पण हे आपल्याला माहिती असून उपयोग नाही, सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये तशी एक ओळ पाहिजे, की रिपेअर खर्च इतका आणि आयडीव्हीच्या इतके टक्के, म्हणून रिपेअर बेसिसवर. ती नसेल तर पुण्याला पाठवायच्या आधीच सर्व्हेअरला फोन करून लिहून घ्या. नाहीतर ती एक ओळ मागायला फाईल परत येते आणि दोन दिवस फुकट जातात.

चौथी पायरी: वर जाते ती नोट

फाईल वर पाठवणं म्हणजे बटण दाबून मोकळं होणं नाही. पुण्याच्या साहेबांसमोर तुमची गाडी नसते, वर्कशॉप नसतं, होटगी रोड नसतो. त्यांच्यासमोर तुमची अर्ध्या पानाची नोट असते आणि खाली जोडलेले कागद. नोट वाचून त्यांना फोन करायची गरज पडली नाही तर नोट चांगली.

वरच्याच फाईलची नोट कशी असावी ते लिहितो, अशीच उतरवली तरी चालेल:

«हा क्लेम आधी १,३७,००० ला ब्रँच इन्चार्ज यांच्या पॉवरमध्ये मंजूर. गाडी उघडल्यावर रेडिएटर, कंडेन्सर आणि लाँग मेंबरचं नुकसान आढळलं, सर्व्हेअरने पुन्हा तपासणी करून ७१,००० मान्य केले. एकूण असेसमेंट २,०८,०००, ब्रँचच्या २ लाखाच्या लिमिटच्या वर असल्याने मंजुरीसाठी. एक्सेस १,००० व साल्व्हेज ९,००० वजा जाता नेट १,९८,०००. रिपेअर खर्च आयडीव्हीच्या सुमारे ५८ टक्के, टोटल लॉस नाही. नुकसान ॲक्सिडेंटच्या वर्णनाशी जुळतं. पॉलिसी, आरसी, लायसन्स ऑनलाईन तपासले, व्हॅलिड. ब्रँचचं मत: मंजूर करावं.»

बघा यात काय आहे. पहिल्याच ओळीत आधी काय मंजूर झालं, मग नवीन काय आणि का, मग बेरीज आणि ती का वर आली. «सप्लिमेंटरी ७१,००० मंजुरीसाठी सादर» एवढीच नोट टाकणारे असतात, ती वाचून समोरच्याला कळतच नाही की ७१,००० ची फाईल माझ्याकडे कशाला. आणि शेवटी ब्रँचचं मत पाहिजेच. काही लोक «योग्य निर्णयासाठी सादर» असं लिहून हात झटकतात, त्याला काही अर्थ नाही. गाडी बघितलेला माणूस आपल्या ब्रँचचा आहे, मत पण आपणच द्यायचं, मंजूर की नाही आणि कितीला.

सोबत दोन्ही सर्व्हे रिपोर्ट, दोन्ही एस्टिमेट आणि गाडी उघडल्यानंतरचे फोटो. फोटोत पार्टसोबत गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर दिसला पाहिजे, नुसता वाकलेला रेडिएटर कुठल्याही गाडीचा असू शकतो. पार्टीकडून तेच तेच कागद परत मागायचे नाहीत, जे एकदा आलेत ते सिस्टीममधून जोडा.

आणि नोट टाकताना रिझर्व्ह वाढवा. सुरुवातीला दीड लाखाचं रिझर्व्ह ठेवलेलं असतं, असेसमेंट २,०८,००० झालं तरी ते तसंच पडलेलं असतं. रिझर्व्ह कमी असेल तर सिस्टीम पेमेंटच्या दिवशी अडवते आणि मग संध्याकाळी सहा वाजता अकाउंट्सवाल्यांच्या मागे पळावं लागतं.

पाचवी पायरी: रस्ता आणि घड्याळ

रस्ता सरळ आहे. एक्झिक्युटिव्ह, इन्चार्ज, पुणे, मुंबई. मधली पायरी गाळायची नाही. फाईल पुण्याच्या लिमिटची असली तरी ती इन्चार्जच्या शेऱ्यासकटच जाते, थेट पुण्याला मेल टाकला तर ते उघडणारच नाहीत, खाली परत येईल.

इन्चार्ज रजेवर असतील तर? गड्ड्याच्या यात्रेत निम्मं ऑफिस सुट्टीवर असतं, तेव्हा हे हमखास होतं. इन्चार्जचा चार्ज ज्याला लेखी दिलाय, मेलवर आदेश आहे, त्याचीच सही चालते. «साहेब फोनवर हो म्हणाले» याला अप्रूव्हल म्हणत नाहीत. व्हॉट्सॲपवर अंगठा आला, तेही अप्रूव्हल नाही, तो फक्त अंगठा आहे. आणि चार्ज घेतलेल्या माणसाला इन्चार्जचं पूर्ण लिमिट मिळेलच असंही नाही, आदेशात जेवढं लिहिलंय तेवढंच. आदेश नसेल तर फाईल एक पायरी वर जाते, बाजूला जात नाही, म्हणजे शेजारच्या डिपार्टमेंटच्या साहेबांकडून सही घ्यायची नाही, त्यांचा ग्रेड मोठा असला तरी.

आता घड्याळ. आयआरडीएआयच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार इंटिमेशन आल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, सर्व्हेअरचा रिपोर्ट नेमणुकीपासून १५ दिवसांत, आणि रिपोर्ट आल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. या ७ दिवसांत आपण, इन्चार्ज, पुणे सगळे आले. फाईल वर पाठवली म्हणून हे घड्याळ थांबत नाही, पॉलिसीहोल्डरला आपल्या पायऱ्यांशी काही देणंघेणं नाही, त्याच्यासाठी कंपनी एकच.

म्हणून आतलं वेळापत्रक असं ठरलंय. रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत ब्रँचमधून नोट निघाली पाहिजे. पुणे दोन कामाचे दिवस घेईल. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच मेलवर आठवण, क्लेम नंबर आणि ७ दिवस कुठल्या तारखेला संपतायत ते सब्जेक्टमध्ये लिहून. तरी शांतता असेल तर इन्चार्ज फोन करतील, एक्झिक्युटिव्हने करायचा नाही. शुक्रवारी दुपारी नोट टाकू नका शक्यतो, आणि टाकलीच तर शनिवार-रविवार कामाचे दिवस नाहीत पण ७ दिवसांत ते मोजले जातात हे डोक्यात ठेवा. रिपोर्ट गुरुवारी आला तर खरं तर त्याच दिवशी बसून नोट करावी, मी तरी तसंच करतो.

पुण्याने शंका काढली तर तिला सरळ उत्तर द्यायचं, नवीन नोट टाकायची नाही. त्याच नोटच्या खाली उत्तर. नवीन टाकली की जुनी पेंडिंग दिसत राहते आणि महिनाअखेरच्या लिस्टमध्ये एकाच क्लेमच्या दोन नोटा येतात.

सहावी पायरी: मंजुरी आल्यावर

मंजुरी आली की वर्कशॉपला लायबिलिटीचं पत्र जातं, त्यात एकूण आकडा लिहा, सप्लिमेंटरीचा वेगळा नको. मंजुरी यायच्या आधी तोंडी «करून टाका काम, येईलच» असं वर्कशॉपला म्हणू नका. पार्ट मागवला की तो परत जात नाही, आणि पुण्याने त्यातला एखादा पार्ट कापला तर पैसे कुणी द्यायचे यावरून तुमच्या नावाने भांडण सुरू होतं. पार्टीला मात्र स्वतःहून फोन करा, की आत जास्त नुकसान निघालंय, मंजुरी पुण्याला गेलीय, अमुक तारखेपर्यंत कळवतो. लोकांना उशिराचा एवढा राग नसतो, काहीच न कळवण्याचा असतो.

रिपेअर झाल्यावर री-इन्स्पेक्शन, बदललेले जुने पार्ट बघायचे, मग फायनल बिल. बिल मंजूर रकमेपेक्षा कमी आलं तर कमीच द्यायचं, त्याला परत वर जायची गरज नाही. जास्त आलं तर, भले २,००० नी का असेना, ज्याने शेवटची मंजुरी दिली त्याच्याकडेच परत जायचं. २,००० आपल्या पॉवरमध्ये आहेत म्हणून आपण ॲड करायचे नाहीत, तीच बेरीजवाली गोष्ट.

जाता जाता तुकड्यांबद्दल, कारण नवीन लिमिट आलं की हा प्रकार वाढतो. एकाच ॲक्सिडेंटचे दोन क्लेम नंबर करायचे, पुढचं नुकसान एकात, बाजूचं दुसऱ्यात, म्हणजे दोन्ही छोटे राहतात. असं करायला कधी वर्कशॉपचा माणूस सुचवतो, कधी एजंट. ओळखायला सोपं आहे: तीच गाडी, तेच वर्कशॉप, दोन इंटिमेशन चार-आठ दिवसांच्या अंतराने, आणि दुसऱ्याच्या फोटोत गाडी आधीच उघडलेली. खरंच दोन वेगळे ॲक्सिडेंट असतील तर दोन क्लेम बरोबर, मग दोन्हीला एक्सेस पण वेगळा लागतो आणि दोन्हीचं वर्णन वेगळं पाहिजे. शंका आली तर पहिल्या सर्व्हेचे फोटो दुसऱ्याच्या शेजारी लावून बघा, पहिल्या फोटोत दार आधीच चेपलेलं दिसलं तर दुसरा क्लेम थांबवा, दोन्ही नंबर एका नोटमध्ये लिहा आणि एकूण रक्कम कितीही असू दे, इन्चार्जकडे द्या.

नवीन लिमिट सिस्टीममध्ये प्रत्येकाच्या लॉगिनला लागलंय का ते स्वतः एकदा बघून घ्या. प्रोफाईलमध्ये पॉवरचा आकडा दिसतो. अजून ५०,००० दाखवत असेल तर आयटीला तिकीट टाका आणि तोपर्यंत ५०,००० च्या वरच्या फाईली इन्चार्जकडेच द्या, दुसऱ्याच्या लॉगिनवरून सही करायची नाही.